केवळ रूपवैशिष्ट्यांवरून कार्टूनमधील पात्र ओळखण्याचा खेळ: नियम कसे असावेत?

रामबाग (इंदूर)

नमस्कार. आमच्या वसाहतीतील मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी मी रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेते. मुले नऊ ते अकरा वर्षांची आहेत. आठवडाभर ती शाळेत हिंदी किंवा इंग्रजी बोलतात. घरी आजीआजोबांमुळे मराठी कानावर पडते, पण सलग चार वाक्ये मराठीत बोलण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. ती यावी म्हणून मी एक खेळ सुरू केला आहे. एका मुलाच्या हाती पात्राचे चित्र द्यायचे. त्याने ते कोणाला न दाखवता, पात्राचे नाव, संवाद, मित्रांची नावे किंवा गोष्टीतील प्रसंग न सांगता केवळ वैशिष्ट्ये सांगायची, आणि बाकीच्यांनी पात्र ओळखायचे.

मुलांना खेळ आवडतो, परंतु बोलणे मात्र हवे तसे होत नाही. एखादा मुलगा "निळे मांजर" एवढेच म्हणतो आणि सगळे एकदम "डोरेमॉन!" असे ओरडतात, म्हणजे दोन शब्दांत डाव संपतो. दुसरी एखादी मुलगी "त्याला दोन डोळे आहेत, एक तोंड आहे, दोन हात आहेत" असे मोठ्या प्रामाणिकपणे सांगत राहते आणि त्यातून कोणालाच काही उमगत नाही. शिवाय दोन मुलांच्या घरी दूरदर्शनसंच नाही, त्यामुळे ती नुसती बसून राहतात, आणि मला सर्वांत अधिक हेच खटकते. "लाडू खातो" किंवा "आळशी आहे" हे वैशिष्ट्य मानावे की नाही, यावरही दर वेळी वाद होतो. असा खेळ ज्यांनी वर्गात घेतला आहे त्यांनी नियम कसे ठेवले, हे कृपया सविस्तर सांगावे.

पेन्सिल (इंदूर)

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो, म्हणून माझे मत देतो. कार्टूनमधील पात्र मुळातच असे रेखाटलेले असते की नुसत्या काळ्या छायाकृतीवरूनही ते ओळखू यावे. मिकी माउसचे डोके आणि दोन गोल कान यांची बाह्यरेषा दाखवली तरी लहान मूल त्याचे नाव सांगते. त्यामुळे ज्या एका गोष्टीने ते पात्र "ते" ठरते, ती गोष्ट मुलांनी आधी सांगावी, असे मला वाटते. शिनचॅनच्या जाड भुवया, नोबिताचा चष्मा, पिकाचूच्या शेपटीचे काळे टोक, अशी. मुलांना नेमके ठळक लक्षण वेचता येणे हेच तर निरीक्षणाचे शिक्षण आहे.

फळाखडू (ग्वाल्हेर, निवृत्त भाषाशिक्षक)

रामबागताई, आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे असे मला दिसते: मुलांनी कशातून निवड करायची, हे ठरलेलेच नाही. जगातील कोणतेही पात्र असू शकते असे म्हटले की ज्याने जास्त कार्टून पाहिली त्याचाच डाव होतो. म्हणून हातातील चित्राखेरीज फळ्यावर आठ चित्रांचा संच सर्वांना दिसेल असा लावा आणि हातातील पात्र त्या आठांपैकीच आहे, हे आधी सांगा. मग ज्या मुलाने डोरेमॉन कधी पाहिला नाही, त्यालाही चित्राकडे बोट दाखवून उत्तर देता येईल. पात्रांच्या चित्रांखाली नावे लिहू नका. एक ते आठ असे क्रमांक लिहा आणि उत्तर क्रमांकाने घ्या.

संच ठरला की "दोन डोळे आहेत" या वाक्याचे काय करायचे तेही आपोआप कळते, कारण त्या वाक्याने फळ्यावरील एकही चित्र बाद होत नाही. कोणतेही वैशिष्ट्य स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. समोरच्या संचातील किती चित्रे त्याने उरतात, यावर त्याची किंमत ठरते.

समजा आपण डोरेमॉन, नोबिता, शिनचॅन, छोटा भीम, टॉम, जेरी, मिकी आणि पिकाचू ही चित्रे लावली आणि मुलाच्या हाती डोरेमॉन आला. "याला कान नाहीत" असे तो पहिल्याच वाक्यात म्हणाला तर एकच चित्र उरते आणि डाव संपतो. त्याऐवजी तो "याला शेपूट आहे" असे म्हणाला तर तिन्ही मुलगे बाद होतात आणि पाच चित्रे उरतात. मग "याच्या अंगात कपडे नाहीत" असे म्हटल्यावर लाल चड्डीमुळे मिकी जातो आणि चार उरतात. "याचे पंजे पांढरे आहेत" या वाक्याने जेरी आणि पिकाचू जातात, टॉम आणि डोरेमॉन राहतात. आता "याला कान नाहीत" हे चौथे वाक्य निर्णायक ठरते. तेच वैशिष्ट्य, पण मुलाने तीन वाक्ये अधिक बोलल्यानंतर आलेले.

म्हणून मी नियम असा ठेवत असे: पहिल्या वाक्यानंतर किमान तीन चित्रे उरली पाहिजेत, आणि कोणत्याही वाक्याने किमान एक चित्र गेले पाहिजे. प्रत्येक वाक्यानंतर एक मूल उठून बाद झालेल्या चित्रांवर कोरा कागद लावते, त्यामुळे वाक्याने काम केले की नाही हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

पेन्सिल यांचे म्हणणे ओळखण्याच्या बाबतीत बरोबर आहे. डोळा पात्र ओळखतो ते ठळक लक्षणावरूनच. परंतु या खेळात आपल्याला ओळख लवकर व्हायला नको आहे; ती बोलण्याच्या पायऱ्यांनी व्हायला हवी आहे.

पाणीपुरीवाली मावशी (उज्जैन)

माझा नातू सहा वर्षांचा आहे आणि जेवताना सतत मोबाइलवर कार्टून पाहतो. वर्गात पुन्हा कार्टूनच दाखवले तर ही सवय वाढणार नाही का? मुले सोफ्यावरून उड्या मारतात, पात्रांची नक्कल करतात. त्यापेक्षा त्यांना प्राण्यांची नक्कल करायला लावावी, म्हणजे व्यायामही होईल.

रामबाग

मावशी, वर्गात आम्ही कार्टून लावत नाही. फक्त कागदावरचे स्थिर चित्र असते आणि अभिनय करण्यास मनाई असते, कारण हाताने कान करून दाखवले की "कान" हा शब्द तोंडातून बाहेरच येत नाही. आपल्या नातवाच्या सवयीबद्दल स्वतंत्र धागा काढलात तर तेथे पुष्कळ पालक लिहितील.

फळाखडू सर, संचाची कल्पना अतिशय उपयोगी वाटली. "लाडू खातो" याचे काय करावे?

फळाखडू

त्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे: जे सांगितले त्यावर चित्रात बोट ठेवता आले पाहिजे. चष्म्यावर बोट ठेवता येते, धोतरावर ठेवता येते, लाडू खाण्याच्या सवयीवर ठेवता येत नाही. माझ्या वर्गातील एका मुलाने डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर असल्याचे सांगितले होते. ती माहिती खरी आहे, त्याच्या निर्मात्यांनीच तसे मोजमाप दिले आहे, परंतु चित्रावर उंची लिहिलेली नसते, म्हणून मी ती नाकारली आणि त्याऐवजी "याचे डोके जवळजवळ धडाएवढे मोठे आहे" असे म्हणण्यास सुचवले.

स्वभावाचे विशेषण आले की मात्र ते लगेच नाकारू नका, कारण भाषेचे खरे काम तेथेच असते. मुलगी "हा रागीट आहे" असे म्हणाली तर तिला विचारावे, "तुला ते चेहऱ्यावर कुठे दिसले?" मग ती शोधते आणि सांगते, "भुवया नाकाकडे खाली आल्या आहेत, ओठ मिटलेले आहेत." "आळशी" असेल तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खांदे उतरलेले, पोट पुढे आलेले. चित्रात असे काहीच सापडले नाही, तर तो स्वभाव तिला गोष्टीतून माहीत होता हे तिच्याच लक्षात येते.

अलकापुरी (बडोदे)

सरांच्या उदाहरणात एक व्यावहारिक अडचण आहे. डोरेमॉनची शेपटी म्हणजे मागच्या बाजूला असलेला लहानसा लाल गोळा आहे. समोरून काढलेल्या चित्रात तो दिसतच नाही. मिकीची बारीक शेपटीही पुष्कळ चित्रांत अंगाआड जाते. माझ्या वर्गात नेमका याच कारणावरून मोठा वाद झाला. ज्यांना डोरेमॉन माहीत होता ते शेपूट आहे म्हणत होते, आणि जे प्रामाणिकपणे चित्र पाहत होते त्यांनी तो बाद केला होता. बोट ठेवण्याची कसोटी लावली तर दुसरा गट बरोबर ठरतो. त्यामुळे संच करताना पात्रे थोडी तिरकी उभी असलेली चित्रेच निवडावी लागतात.

आणि पेन्सिल यांनी पिकाचूच्या शेपटीचे टोक काळे असल्याचे लिहिले आहे, ते तसे नाही. काळी असतात ती कानांची टोके. शेपूट पिवळी असून तिच्या बुडाशी तपकिरी रंग आहे. अगदी पिकाचू आवडणाऱ्या मुलांनाही शेपटीचे टोक काळेच आठवते. शिकागो विद्यापीठातील दोन संशोधिकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशीच चित्रे लोकांना दाखवली होती, आणि पिकाचूच्या बाबतीत अनेकांनी काळ्या टोकाचे चुकीचे चित्र बरोबर म्हणून निवडले होते. आठवणीतून वर्णन करायला लावले तर वर्गात असे घोटाळे होणारच.

पेन्सिल

आताच चित्र उघडून पाहिले. अलकापुरी यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही मी एक सुचवतो. आठवणीतून एकदा वर्णन करायला लावावे आणि मग चित्र पाहून पुन्हा करायला लावावे. दोन्हींतील फरक मुलांना स्वतः सापडला तर पाहण्याची सवय पक्की होईल.

फळाखडू

हा स्वतंत्र आणि चांगला खेळ आहे, पण तो ओळखण्याच्या खेळात मिसळू नये. वर्णन चुकीचे असेल तर ओळखणाऱ्यांनी योग्य विचार करूनही बरोबर चित्र बाद होते, आणि दोष कोणाचा हे त्यांना कळत नाही.

तानसेननगर (ग्वाल्हेर)

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला सर्व पात्रे माहीत आहेत, इतरांचे वर्णन ऐकून तो मनातल्या मनात सर्वांत आधी ओळखतो, पण त्याची पाळी आली की तो गप्प होतो. थोडा अडखळतही बोलतो. त्याच्या शाळेत असाच खेळ घेतला, तेव्हा वेळेसाठी वाळूचे घड्याळ ठेवले होते आणि तो रडत घरी आला. अशा मुलाला खेळातून सूट द्यावी का?

फळाखडू

सूट देऊ नये, काम बदलून द्यावे. त्याला आधी काही डाव कोरे कागद लावणारा करावे. त्या कामात बोलावे लागत नाही, परंतु प्रत्येक वाक्य नीट ऐकून कोणते चित्र गेले हे ठरवावे लागते, आणि सारा वर्ग त्याच्या निर्णयावर अवलंबून असतो. नंतर त्याला एकट्याने वर्णन करायला न लावता इतरांनी होय-नाही असे प्रश्न विचारावेत. "त्याला शेपूट आहे का?" या प्रश्नाला त्याने प्रथम "होय" म्हणावे, काही दिवसांनी "होय, त्याला शेपूट आहे" असे पूर्ण वाक्य म्हणावे. आठ चित्रे असतील आणि प्रत्येक प्रश्नाने निम्मी बाद झाली तर तीन प्रश्नांत उत्तर येते, त्यामुळे त्याच्यावर फार ताणही येत नाही. वाळूचे घड्याळ मात्र या खेळातून काढूनच टाकावे. अडखळणाऱ्या मुलाला त्याने त्रास होतो, आणि इतरांनाही घाईत "निळे मांजर" अशी दोन शब्दांची उत्तरे सुचतात.

अलकापुरी

रामबागताईंनी भाषेविषयी विचारले आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. शरीराच्या अवयवांचे वर्णन म्हटले की प्रत्येक वाक्यात नामाचे लिंग आणि विशेषणाचे रूप जुळवावे लागते, आणि हिंदीत वाढणारी मुले तेथेच घसरतात. "त्याची नाक लाल आहे", "त्याचा पोट पांढरा आहे", "तिची डोळे मोठी आहेत" ही वाक्ये आपण इंदुरात आणि ग्वाल्हेरात नक्की ऐकली असतील, कारण हिंदीत नाक आणि आँख स्त्रीलिंगी आहेत, पेट पुल्लिंगी आहे आणि नपुंसकलिंग तर नाहीच. आमच्या बडोद्यातील मुलांच्या चुका वेगळ्या असतात. गुजरातीत तीन लिंगे असून नाक आणि पेट मराठीप्रमाणेच नपुंसकलिंगी आहेत, म्हणून "त्याचे नाक", "त्याचे पोट" ती सहज म्हणतात; परंतु "आंख" तेथेही स्त्रीलिंगी असल्याने डोळ्यांपाशी तीही अडतात. त्यामुळे संच निवडताना मी पाहते की नाक, पोट आणि डोळे यांवरूनच पात्रे वेगळी व्हावीत. लाल गोल नाकाचे एक, काळ्या नाकाचे एक, नाकच न दाखवलेले एक, अशी पात्रे एकत्र आली की मुलांना "त्याचे नाक" हे शब्द पुनःपुन्हा म्हणावेच लागतात.

चूक झाली तर मी थांबवत नाही. मुलगा "त्याची नाक लाल आहे" म्हणाला तर मी इतरांकडे वळून "बरे, त्याचे नाक लाल आहे, मग कोणती चित्रे गेली?" असे विचारते. खेळ चालू राहतो आणि बरोबर रूप कानावर पडते.

फळाखडू

अवयवांच्या आधारे संच करण्याची युक्ती उत्तम आहे. दुरुस्तीच्या पद्धतीविषयी मात्र माझा मतभेद आहे. आपण बरोबर रूप उच्चारता ते मुलाला दुरुस्ती म्हणून जाणवतच नाही. आपण त्याचे म्हणणे मान्य केले असेच त्याला वाटते. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरताना आढळले, पण मुलांनी त्यावर स्वतःचे वाक्य सुधारण्याचे प्रमाण याच पद्धतीत सर्वांत कमी होते. मी "त्याची, की त्याचे?" असे लहानसे विचारून मुलाकडूनच रूप काढून घेत असे.

अलकापुरी

सर, मुलाने त्या क्षणी वाक्य सुधारले नाही म्हणजे ते त्याच्या कानात राहिले नाही, असे कसे म्हणावे? माझ्या वर्गातील लाजाळू मुले "त्याची, की त्याचे?" एवढ्या प्रश्नानेही गप्प होतात. तानसेननगर यांच्या मुलाला मी तो प्रश्न चारचौघांत कधीच विचारणार नाही.

फळाखडू

त्या मुलाच्या बाबतीत मीही विचारणार नाही. धीट मुलांच्या बाबतीत मात्र विचारीन. यावर आपले एकमत होईल असे मला वाटत नाही.

रामबाग

गेल्या रविवारी मी आठ चित्रांचा संच लावून खेळ घेतला. ज्यांच्या घरी दूरदर्शनसंच नाही त्या दोघांपैकी एका मुलीने छोटा भीम अगदी बरोबर ओळखला. तिला त्याचे नाव माहीत नव्हते. ती "चार क्रमांक, धोतर नेसलेला" असे म्हणाली. शेपटीचा वाद व्हायचा तो झालाच, पण बोट ठेवण्याची कसोटी सांगितल्यावर मुलांनी तो स्वतःच मिटवला. डोरेमॉनच्या गळ्यातील पट्टा हा कपडा आहे की नाही, यावर मात्र वर्ग दोन गटांत विभागला गेला, आणि मी त्यांना त्यावर मत घ्यायला लावले. बहुमताने पट्टा कपडा नाही असे ठरले.

आता नवी अडचण अशी की मुले रंगावरच थांबतात. निळा, पिवळा, लाल यापलीकडे जात नाहीत.

पेन्सिल

येथे माझा अनुभव कामी येईल. त्याच संचाची काळी-पांढरी झेरॉक्स प्रत काढा. डोरेमॉनचा निळा आणि टॉमचा राखाडी-निळा हे दोन्ही रंग प्रतीत सारखेच करडे दिसतील, दोघांचेही पंजे पांढरे असतील, आणि मग मुलांना कान, पट्ट्याची घंटी, डोक्याचा गोलवा, पायांची लांबी यांकडे वळावेच लागेल. ज्या मुलांना लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांनाही या प्रतीत इतरांइतकीच संधी मिळते. फक्त प्रत फार गडद काढू नका, नाहीतर मिकीच्या अंगातील चड्डी आणि अंग एकच होऊन जाते आणि "कपडे नाहीत" या वाक्यावर पुन्हा वाद होईल.

तानसेननगर

मुलाला घरी कोरे कागद लावण्याचे काम देऊन पाहिले. धाकटी बहीण वर्णन करत होती. तिने "याचे केस उभे आहेत" असे म्हटल्यावर त्याने कागद लावला नाही आणि आपणहून विचारले, "सगळे केस, की पुढचेच?" ताई, पुढील रविवारी आम्ही इंदुरात माझ्या माहेरी येणार आहोत. त्याला आपल्या वर्गात तासभर बसवले तर चालेल का?

रामबाग

अवश्य आणावे. सकाळी साडेनऊला वर्ग सुरू होतो. त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या प्रती लावणार आहे, आणि कोरे कागद त्याच्याकडेच देईन. पत्ता आपल्याला व्यक्तिगत निरोपाने कळवते.